अनामिका अजून उचलतेय

धाकट्या भावाचा फोन म्हणजे ख्यालीखुशाली वगैरे काही नाही, थेट मुद्दा. "ताई, पोरगी दिवसभर डबे बडवालीय. स्वयंपाकघरात एक झाकण धड ठेवलं नाही. आता तिला तबल्याला बसव की."

पोरगी म्हणजे माझी भाची. तेव्हा ती पहिलीत होती, साडेसहा पूर्ण व्हायला आले होते. घरातली आत्या बावीस वर्षं तबला शिकवतेय म्हटल्यावर भावाच्या दृष्टीने प्रश्न सुटलेलाच होता. फीसुद्धा वाचणार होती. मी म्हटलं, रविवारी घेऊन ये, पण तबला विकत घेऊ नकोस. तो हिरमुसला. बहुतेक दुकानात चौकशीही करून झाली असावी.

डबे बडवणं ही काही खूण नाही, हे मी पालकांना नेहमी सांगते आणि त्यांना ते आवडत नाही. या वयाचं प्रत्येक मूल काहीतरी बडवत असतं. बघायचं असतं ते हे, की काल बडवलेलं आज पुन्हा तसंच बडवता येतं का. एखादा तुकडा त्याने स्वतःशी धरून ठेवला असेल, चुकल्यावर थांबून पुन्हा पहिल्यापासून घेत असेल, तर कान टवकारावेत. नाहीतर तो आवाज करण्याचा आनंद, आणि त्याला फी भरायची गरज नसते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझा मुलगा साडेचार वर्षांचा असताना मी त्याला तबल्यासमोर बसवलं. आईच शिकवणारी, घरात चार जोड, मग थांबायचं कशाला? त्याची जीभ छान चालायची. "धाधा तिट धाधा तूना" हा कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरीव रचना, तो झोपेतही म्हणेल असा पाठ होता. लय तर पक्की. सातव्या वर्षी तो गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा पास झाला आणि मी पेढे वाटले. नवव्या वर्षी त्याने तबला सोडला. भांडण नाही, रडारड नाही. एक दिवस म्हणाला, "आई, माझा 'ना' वाजतच नाही गं." तो जोड अजून माळ्यावर आहे.

आणि खरंच वाजत नव्हता. मला ते दोन वर्षं ऐकू येत होतं, पण मी "वाजेल हळूहळू" म्हणत राहिले. 'ना' हा तबल्याचा बोल वाजवताना अनामिका मधल्या काळ्या शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते, करंगळी तिच्या सोबतीला, आणि तर्जनी एकटी उचलून चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या पट्टीवर मारायची. टेकलेलं बोट टेकलेलंच राहिलं पाहिजे. ते दाबलं तर आवाज मरतो, उचललं तर नुसता पसरट 'थप' येतो. तर्जनी उचलताना अनामिका सोबत न उचलणं हे आपल्याला साधं वाटतं, पण साडेचार-पाच वर्षांच्या बहुतेक हातांना ते जमत नाही. सगळी बोटं एकत्र उचलतात. मुलाला मात्र आवाज तर काढायचा असतो, कारण समोर आई बसलेली असते. मग तो मनगट ताठ करतो आणि आख्खा पंजा जोरात आपटतो. वर्षभर तसं केलं की हाताला तेच बरोबर वाटायला लागतं. पुढे सातव्या वर्षी बोटं सुटी झाली तरी मनगट ताठच राहतं. दोष माझ्या मुलाच्या हाताचा नव्हता, मी त्या हाताला दिलेल्या तारखेचा होता.

तेव्हापासून माझ्याकडे नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी तबल्यावरचं कापड काढतच नाही. टेबलावर पंजा ठेवायला सांगते. अनामिका आणि करंगळी चिकटवून ठेव, आता तर्जनीने टकटक कर. दहा वेळा. किती वेळा अनामिका उचलली ते मी मनात मोजते. दोन-तीनदा उचलली तर हात तयार होतोय. दहाच्या दहा वेळा उचलली तर सहा महिन्यांनी या. पालकांना वाटतं बाई भाव खातेय.

दुसरी परीक्षा आमच्या गल्लीतच आहे. मी राहते सोलापूरच्या पूर्व भागात. इथे घराघरांत यंत्रमाग आहेत, आमच्या मागच्या भिंतीपलीकडे दोन चालतात. शिकवायला बसले की ती खटाखट सोबतीला असतेच. सुरुवातीला मला वैताग यायचा, नंतर लक्षात आलं की ही आयती लय आहे, तीही मुलांना झेपेल अशी. लहान मुलांची स्वतःची लय आपल्यापेक्षा जलद असते. त्यांना "सावकाश टाळी वाज" म्हटलं की ती घसरतात आणि आपण म्हणतो लय कच्ची आहे. मागाच्या लयीवर टाळी दे म्हटलं की बरीच मुलं पटकन जुळवून घेतात. खरी गंमत मध्येच होते. दोरा तुटतो, माग थांबतो. तेव्हा मुलाची टाळीही थांबते की आणखी थोडी चालत राहते, तेवढं मी बघते. माग थांबल्यावरही ज्याची टाळी आठ-दहा ठोके तशीच चालली, त्याच्या आत लय बसायला लागली आहे. मागवाल्यांना अर्थात याची कल्पना नाही. दोरा तुटल्यावर त्यांच्या तोंडून जे निघतं तेही लयीतच असतं, पण ते मुलांना शिकवण्यासारखं नाही.

तर रविवारी भाची आली. येताना हातात बासरी. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर घेतलेली. आल्या आल्या म्हणाली, "आत्या, मला तबला नको, बासरी शिकव." भाऊ कपाळाला हात लावून बसला.

मला बासरी येत नाही. पण एवढं कळतं की त्या क्षणी तिला बासरीकडे पाठवणं म्हणजे तिला हरवणं. तिचे समोरचे वरचे दोन दुधाचे दात नुकतेच पडले होते. फुंक बासरीच्या कडेवर नेमकी पडायची तर ओठांना मागून दातांचा आधार लागतो. नवे दात येईपर्यंत तो आधार रोज बदलणार. दुसरं, यात्रेतली बासरी आखूड असते, तिची भोकं जवळजवळ असतात. शिकायच्या बासरीत ती लांब लांब असतात, आणि एक भोक जरा जरी उघडं राहिलं तरी स्वर फुटतो. मूल जोर लावून फुंकत राहतं, चक्कर येते आणि दोष बासरीचा की आपला हेच त्याला कळत नाही. मी तिला म्हटलं, बासरी तुझीच, पण दात येऊ देत. हे तिला चटकन पटलं. दात पडण्याबद्दल तिला स्वतःलाच भारी कौतुक होतं.

मग माझ्या दोन्ही परीक्षा. टेबलावर तर्जनीची टकटक: दहापैकी सात वेळा अनामिका उचलली. मागाच्या लयीवर टाळी: माग चालू असेपर्यंत ठीक, पण ती मध्येच आरती गुणगुणायला लागली आणि टाळी लयीची साथ सोडून शब्दांबरोबर पडायला लागली. जिथे अक्षर तिथे टाळी. भाऊ म्हणाला, "बघ, किती छान वाजवते." मी गप्प. ती वाजवत नव्हती, गात होती. घरातल्या डब्यांचंही तेच असणार. मी तिला एकदा डबा दिला आणि नुसती ऐकत राहिले. होय, झाकणावर चाललं होतं ते गाणं होतं.

तरी एका रविवारवरून काही ठरवत नाहीत. मूल कधी दमलेलं असतं, कधी लाजतं, कधी बापासमोर नाटक करतं. मी भावाला सांगितलं, सहा रविवार आण. काही विकत घ्यायचं नाही, परीक्षेचा फॉर्म नाही, पाहुण्यांसमोर "वाजवून दाखव" तर मुळीच नाही. या सहा आठवड्यांत मी दोन गोष्टी बघणार होते. तीच गोष्ट तिसऱ्यांदा "पुन्हा, पण जरा असं" म्हटल्यावर तिचा चेहरा कसा होतो. आणि आदल्या रविवारचं काही ती न विचारता घेऊन येते का. शिकवणी म्हणजे शेवटी दुरुस्ती ऐकून घेणं. ज्या मुलाला दुरुस्ती म्हणजे रागावणं वाटतं, त्याला वर्षभर अंगणात खेळू द्यावं, त्याचं काही अडत नाही.

चौथ्या-पाचव्या रविवारपर्यंत मार्च संपत आला होता आणि सोलापूरचं ऊन सुरू झालं होतं. त्या दिवशी एक मोठी विद्यार्थिनी पेटीवर लेहरा, म्हणजे तालासाठी फिरत राहणारी धून, धरत होती आणि मी तबला काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला लावून ठेवला होता. लावला होता सकाळी. दुपारी तो जोड खिडकीजवळ उन्हाच्या झळीत राहिला. कोरड्या उष्णतेने चामडं ताणतं आणि सूर चढतो. इथे वैशाखात दिवसातून दोन-तीनदा तबल्याच्या कडेच्या गजऱ्यावर हातोडी चालवावी लागते. त्या संध्याकाळी मी तपासलं नाही. वाजवायला सुरुवात केली आणि कोपऱ्यात चित्र काढत बसलेली ही चिमुरडी मान वर न करता म्हणाली, "आत्या, हा आज वेगळा बोलतोय. पेटीशी भांडतोय."

मी थांबले. तबला जवळजवळ अर्धा सूर वर गेला होता. मोठ्या विद्यार्थिनीला ते कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी कळलं नव्हतं, दिवसभराच्या शिकवणीने कान बधिर झाले होते.

मग मी तिची जरा चेष्टा केली. पेटीवर तिला पाठ असलेली आरती वाजवली आणि एके ठिकाणी मुद्दाम शुद्ध गंधाराऐवजी कोमल लावला. "चुकलं!" लगेच. दुसऱ्यांदा दुसरीकडे चुकवलं. "आत्या, तू मुद्दाम करतेस." एक पट्टी दाबून धरली आणि म्हटलं, हा आवाज काढ. तिने काढला, जवळपास नेमका. पट्टी बदलली, पुन्हा काढला. लयीच्या परीक्षेत जी मुलगी शब्दांमागे वाहून जात होती, ती स्वरात एकदम स्थिर होती. आणि मघाशी तबल्याबद्दल ती जे बोलली होती तेही तालाबद्दल नव्हतं, सुराबद्दल होतं.

रात्री भावाला फोन केला. "हिला पेटीवर बसव."

"तू तबल्याची बाई, आणि पेटी सांगतेस?" त्याला वाटलं मी भाचीला टाळतेय. "आणि पेटी काय, लग्नाकार्यातल्या भजनाला लागते. तबला म्हटलं की कसं..." वाक्य त्याने पूर्ण केलं नाही, पण कळलं. तबला दिसायला रुबाबदार असतो. पहिलं वाद्य निवडताना आई-वडिलांचा हा रुबाब बराच आड येतो. माझाच आला होता की.

पेटी सांगण्याचं एक कारण कानाचं होतं, दुसरं घराचं. आमचे अण्णा भावाकडेच राहतात, जुळे सोलापुरात. आयुष्यभर भजनी मंडळात पेटी वाजवली. आता गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून पेटी कापडात गुंडाळून कपाटावर गेली होती. या वयाच्या मुलाचा रियाज दहा-पंधरा मिनिटांचाच असतो, पण तो रोज आणि कुणीतरी शेजारी असताना व्हावा लागतो. भाऊ आणि भावजय दोघं नोकरीला. तबला आणला असता तर शेजारी बसणार कोण? पेटी असली तर अण्णा आहेत, संध्याकाळी साडेसहाला, रोज, निवृत्त माणसाच्या चोख वेळेवर. मुलाला कोणतं वाद्य द्यावं असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, घरात रोज सोबत कोण बसणार आहे? उत्तर आलं नाही तर वाद्याची चर्चाच करत नाही.

पेटी खाली काढली तेव्हा तिचा एक सूर मुका झाला होता आणि एक पट्टी दाबल्यावर वर येत नव्हती. दुरुस्ती झाली. मी फक्त उंची बघायला गेले. लहान मूल मांडी घालून पेटीसमोर बसलं की कोपर पट्ट्यांच्या खाली राहतं, मग खांदे वर जातात आणि अर्ध्या तासाने मान दुखते म्हणून मूल उठतं. सगळ्यांना वाटतं कंटाळलं. घरात सोलापुरी चादरींना काय तोटा, एक चौपदरी घडी करून तिच्याखाली दिली, कोपर पट्ट्यांच्या पातळीला आलं. तबल्यालाही हेच करावं लागतं. मुलांसाठी तबला घ्यायचाच झाला तर तोंडाला लहान, साधारण सव्वापाच इंचाचा, काळी एकच्या आसपास लागणारा बघावा, पण नीट शाईचा. खेळण्यातला जोड दिसायला गोड असतो, त्यातून 'ना' कधीच निघत नाही.

पेटीची खरी अडचण उजव्या हातात नसते, डाव्यात असते. पट्टी दाबली की भाता मारायचा, असं मुलांच्या हातांचं आपोआप जुळतं. सा वाजवला, भाता. रे वाजवला, भाता. मग प्रत्येक स्वराला धक्का बसतो आणि सूर लाटेसारखा वर-खाली होतो. मोठी माणसं यावर रागावतात. वास्तविक दोन हातांना दोन वेगळी कामं एकाच दिवशी शिकवणं हेच चूक. अण्णांना मी सांगितलं, पहिले दीड-दोन महिने भाता तुम्ही मारा, पोरीला फक्त पट्ट्या. ते खुर्चीवर, पेटी बुटक्या टेबलावर आणि ती स्टुलावर चादरीची घडी घालून, अशी सोय लागली. पेटीत खालचा खर्ज आणि त्याच्या वरचा नर असे दोन सूर होते. अण्णांच्या सवयीप्रमाणे दोन्ही खुंट्या उघड्या असायच्या, भजनाला आवाज मोठा लागतो. मी खर्जाची बंद करायला लावली. हवा कमी लागते, पुढे भाता तिच्या हाती आला की हात भरून येणार नाही.

सुरुवात पांढरी एकपासून, म्हणजे सगळे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात, काळ्यांची भानगड नंतर. एका बोटाने वाजवू द्यायचं नाही, एवढी एकच सक्ती. मुलं तर्जनीने ठो ठो करत सगळं गाणं वाजवतात, आई-बाबा टाळ्या वाजवतात आणि पुढे जलद वाजवायच्या वेळी हात अडकतो. अंगठा, तर्जनी, मधलं, मग अंगठा खालून पुढे, हे पहिल्या आठवड्यात कंटाळवाणं वाटलं तरी पहिल्याच आठवड्यात व्हावं.

पेटीचा एक तोटा मी भावापासून लपवला नाही. ती स्वर तयार ताटात वाढते. पट्टी दाबली की गंधार हजर, तो शोधावा लागत नाही. स्वरांमधली वाट, मींड, तिला दाखवताच येत नाही. कान आळशी होऊ शकतो. म्हणून अण्णांना नियम घालून दिला, दर तिसऱ्या दिवशी पेटी बंद. आधी गळ्यातून सा-रे-ग-प-ध काढायचं, मग पट्टी दाबून बघायचं, जुळलं का. अण्णांना हे फार आवडलं. आता ते माझ्या नावावर खपवून स्वतःही गातात.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तीन आठवडे सगळं बंद पडलं. नवा वर्ग, सर्दी, पाऊस. भावाचा फोन, "सुटलं बहुतेक." मी म्हटलं, काही म्हणू नकोस, फक्त पेटीवरचं कापड काढून ठेव. चौथ्या आठवड्यात अण्णांनी भाता धरला आणि जुनं काहीतरी वाजवत बसले. ती येऊन म्हणाली, "आजोबा, तिथे कोमल आहे." आणि बसली.

भाता तिने ऑगस्टमध्ये स्वतःच हिसकावून घेतला. पहिल्या दिवशी लाटा आल्या, दुसऱ्या दिवशी कमी.

गणपतीत भावाने पुन्हा विषय काढला. नोव्हेंबरच्या प्रारंभिकला बसवू या का? मी नाही म्हटलं. वाजवता येईल तिला, प्रश्न तो नाही. सात वर्षांच्या मुलाला परीक्षेचा अभ्यासक्रम दिला की पुढचे काही महिने तो तेवढाच वाजवतो आणि तोही मला विचारून. सध्या ती शाळेतल्या कविता पेटीवर बसवतेय, चुकीच्या बोटांनी, आणि अण्णा बोटं दुरुस्त करतायत. एवढ्यात त्यात हात घालायचा नाही.

तबल्याचं तिने स्वतः विचारलं, परवा माझ्याकडे आली होती तेव्हा. मोठी मुलं दादरा वाजवत होती, ती भिंतीला टेकून बघत होती. म्हणाली, "आत्या, मला पण." मी टेबलाकडे बोट दाखवलं. तिने सवयीने पंजा ठेवला, अनामिका-करंगळी चिकटवल्या आणि टकटक सुरू केली. मी मोजलं. दहापैकी चार.

"अजून उचलतेय," तीच म्हणाली. "फेब्रुवारीत येऊ?"

"ये."

मागे माग थांबला होता. पलीकडून कुणीतरी दोऱ्याला शिव्या घालत होतं.